पाळीआधी जबड्यावर येणाऱ्या गाठी: एका प्रकरणाचा नऊ महिन्यांचा आढावा

रुग्ण २९ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी करणारी, रोज दुचाकीने जाणारी-येणारी. (ही कुणी एक व्यक्ती नाही. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकींमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे.) किशोरवयात कपाळावर बारीक पुरळ यायचं, ते विशीत थांबलं. पंचविशीनंतर मात्र वेगळंच सुरू झालं. पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने कातडीखाली टणक, ठणकणाऱ्या गाठी येतात. त्यांना तोंड नसतं, दाबल्या तर काही निघत नाही, उलट दुसऱ्या दिवशी आणखी सुजतात. पाळी सुरू झाली की चार-पाच दिवसांत बसतात आणि मागे तपकिरी डाग ठेवून जातात. तो डाग फिका पडेपर्यंत पुढच्या महिन्याच्या गाठी हजर.

तिने काय काय केलं होतं ते आधी पाहू, कारण दुखणं कुठे अडलं आहे ते त्यातच दिसतं. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश होता, आठवड्यातून दोनदा अक्रोडाच्या कणांचा स्क्रब होता. गाठ आली की तिच्यावर क्लिंडामायसिन जेलचा ठिपका, आणि चेहरा स्वच्छ झाला की जेल कपाटात. मावसबहिणीने सुचवलं म्हणून मेडिकलमधून आणलेली 'डाग घालवायची' ट्यूब तिने सलग दोन महिने लावली होती. ट्यूबने पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा छान उजळला, म्हणून ती चालू राहिली.

ही सगळी धडपड महिन्यातल्या त्याच आठ-दहा दिवसांत चालायची, आणि चूक तिथेच होती. वर दिसणारी गाठ त्या आठवड्यात जन्मलेली नसते. तेलग्रंथीच्या नळीत मृत पेशी आणि तेल साचून डोळ्यांना न दिसणारा बारीक बुच काही आठवडे आधीच तयार झालेला असतो. पाळीआधीचे दिवस फक्त त्याला सुजवतात. गाठीवर लावलेलं औषध त्या गाठीपुरतं थोडंफार चालतं, पण शेजारी तयार होत असलेल्या पुढच्या बुचाला ते स्पर्शही करत नाही.

पाळीआधीच का, आणि जबड्यावरच का

साधारण समज असा की पाळीआधी 'हार्मोन वाढतात'. बहुतेक स्त्रियांमध्ये पुरुषी संप्रेरकं, म्हणजे अँड्रोजेन, त्या आठवड्यात फारशी वाढत नाहीत. घसरण होते ती इस्ट्रोजेनची. इस्ट्रोजेन तेलग्रंथींना काहीसं आवरून धरतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही उतरतात, अँड्रोजेन मात्र जवळपास तसेच राहतात, त्यामुळे त्यांचा तुलनेने जोर वाढतो. तेल वाढतं, छिद्राचं तोंड किंचित फुगून अरुंद होतं, आधीच तुंबलेली नळी आत फुटते आणि शरीर तिथे सूज आणतं. गाठ खोल आणि दुखरी असते ती यामुळे.

जबड्याची कड, हनुवटी आणि मानेचा वरचा भाग हा पुरुषांना दाढी येणारा पट्टा आहे. तिथली केसांची मुळं आणि त्यांच्या तेलग्रंथी अँड्रोजेनला जास्त प्रतिसाद देतात. रक्तातलं प्रमाण सामान्य असूनही ग्रंथीच जास्त संवेदनशील असू शकते. म्हणूनच अशा बहुतेक स्त्रियांचे हार्मोनचे अहवाल 'नॉर्मल' येतात. त्या अहवालाने गोंधळून जायचं कारण नाही: अहवाल नॉर्मल असला तरी मुरूम संप्रेरकांशी जोडलेले असू शकतात, आणि संप्रेरकांवरचं औषध तरीही लागू पडतं.

आधी इतर शक्यता बाजूला

जबड्यावर आलेलं सगळंच संप्रेरकांचं नसतं. या प्रकरणात चार गोष्टी तपासाव्या लागल्या.

पहिली, ओढणी. पुण्यात दुचाकीवर चेहऱ्याभोवती गच्च बांधलेली ओढणी आणि त्यावर हेल्मेटचा पट्टा ही रोजची वेशभूषा आहे. घाम, घर्षण आणि दाब जिथे पडतो नेमकी तिथेच पुरळाची रांग उठते. फरक ओळखायचा तो असा: घर्षणाचे मुरूम बारीक आणि वरवरचे असतात, पट्ट्याची रेघ पाळतात आणि महिनाभर सारखे असतात, पाळीआधी उसळून नंतर ओसरत नाहीत. तिच्यात दोन्ही होतं. गाठी पाळीच्या, बारीक पुरळ ओढणीचं. उपाय साधा: सुती ओढणी, रोज धुतलेली, आणि ऑफिसला पोचल्यावर चेहरा साध्या पाण्याने.

दुसरी, ती ट्यूब. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल यांपैकी एखादं स्टेरॉइड असतं. तिच्या ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तिन्ही नावं छापलेली होती. २०१८मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही अशा यादीत घातलं गेलं, तरी काउंटरवर ती मिळतातच. स्टेरॉइडने सूज दबते, म्हणून पहिले काही दिवस चेहरा सुधारल्यासारखा वाटतो. मग त्वचा पातळ होते, लाली येते आणि स्टेरॉइडचेच मुरूम उगवतात, तेही सगळे एकाच आकाराचे. बंद केल्यावर दोन-तीन आठवडे चेहरा भडकतो, आणि नेमकं तेव्हाच घाबरून ट्यूब पुन्हा हातात घेतली जाते. तिने ती दोन महिनेच लावली होती, म्हणून थेट बंद करता आली. सहा महिने किंवा वर्षभर लावलेली असेल, तर स्वतः बंद न करता डॉक्टरांकडे जावं. ते हळूहळू सोडवतात.

तिसरी शक्यता दुर्मीळ आहे, पण सुटून जाते म्हणून सांगायला हवी. जबड्यावर एकाच ठिकाणी, एकाच बाजूला, महिने न महिने तीच गाठ येते, मधूनच पाणी-पू वाहतो आणि पाळीशी काही संबंध नाही, तर दोष दाताच्या मुळाचा असू शकतो. आतला पू बाहेर यायला कातडीतून वाट काढतो. दात दुखतोच असं नाही. अशी गाठ क्रीमने जन्मभर बरी होणार नाही; दंतवैद्याने एक्स-रे काढला की उत्तर मिळतं.

चौथी, पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांचा असा विकार ज्यात पाळी लांबते आणि राठ केस येतात. तिला विचारलेले प्रश्न हे: पाळी किती दिवसांनी येते, हनुवटीवर, छातीवर किंवा बेंबीखाली राठ केस आहेत का, भांगाजवळ केस विरळ होत आहेत का, अलीकडे कारण नसताना वजन वाढलं का. तिचं चक्र २७ ते ३० दिवसांचं, अगदी नियमित. ओठावर लव होती, राठ केस नव्हते. त्यामुळे या टप्प्यावर हार्मोनच्या तपासण्यांचा आग्रह धरला गेला नाही. चक्र २१ दिवसांपेक्षा लहान, ३५पेक्षा मोठं, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या असत्या, तर त्या आधीच केल्या गेल्या असत्या.

शिवाय औषधांची चौकशी. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारी तांबी, फक्त प्रोजेस्टिन असलेली गोळी किंवा तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन यांनी काहींचे मुरूम वाढतात. बी-१२ची इंजेक्शनं, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड, फिट्सवरचं फेनिटॉइन यांनीही पुरळ येतं. तिच्याकडे यातलं काही नव्हतं.

खाण्याबद्दल एकच: तेलकट-तुपकट खाल्ल्याने तेलग्रंथी भरत नाहीत. साखर-मैद्याचा भडिमार आणि काहींमध्ये स्किम्ड दूध किंवा व्हे पावडर यांचा मुरुमांशी संबंध दिसला आहे, पण तो मोठा नाही. व्हे पावडर घेत असाल तर दोन महिने बंद करून पाहावी, बाकी पथ्यांनी जीव आंबवू नये.

नोंदवही

औषध सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरली: मोजायचं. पाळीचं रक्त पहिल्यांदा आलेला दिवस म्हणजे दिवस १. ओठांच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत एक कल्पित रेघ धरायची आणि त्या रेषेखाली नव्याने आलेल्या दुखऱ्या गाठी रोज रात्री मोजायच्या, डावी-उजवी वेगळी. बारीक पुरळ मोजायचं नाही. ते मोजायला लागलं की चार दिवसांत कंटाळा येतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच खिडकीशी, बिनफिल्टरचे दोन फोटो.

पहिल्या महिन्याची नोंद अशी: दिवस १९ला डाव्या जबड्यावर एक, २१ला हनुवटीवर दोन, २४ला उजवीकडे दोन. एकूण पाच, सगळ्या दिवस १९ ते २६ या खिडकीत. इतका नेमका आकृतिबंध दिसला की निदानाची शंका बरीच कमी होते. गाठी महिनाभर विखुरलेल्या असत्या तर कारणं पुन्हा तपासावी लागली असती.

पहिले तीन महिने: फॅमिली डॉक्टरांकडचा टप्पा

फॅमिली डॉक्टरांनी दोनच औषधं लिहून दिली: रात्री अ‍ॅडापलीन ०.१ टक्का जेल आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. क्लिंडामायसिन जेल एकटं लावणं बंद. एकटं अँटिबायोटिक लावत राहिलं की जंतू त्याला सरावतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल तर तो धोका बराच कमी होतो.

अ‍ॅडापलीन हे व्हिटॅमिन ए कुळातलं. ते नळीतला बुच तयार होऊ देत नाही, म्हणून ते गाठीवर नाही तर गाठ येते त्या पूर्ण पट्ट्यावर लावायचं असतं, आणि स्वच्छ चेहऱ्याच्या दोन आठवड्यांतही. पूर्ण चेहऱ्याला मटारच्या एका दाण्याएवढं पुरतं. ते पाच ठिपक्यांत वाटून घ्यायचं, दोन गालांवर, हनुवटीवर आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंना, आणि मग पसरायचं. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालचा भाग टाळायचा.

तिसऱ्या आठवड्यात ती लालबुंद हनुवटी घेऊन परत आली. कातडी सोलवटत होती, पाणी लागलं तरी चुरचुरत होतं. "मला हे औषध सूट होत नाही," हे तिचं म्हणणं. विचारल्यावर कळलं की चेहरा धुऊन ओल्या कातडीवरच जेल लागत होतं, रोज रात्री, आणि पापुद्रे निघतात म्हणून स्क्रबही सुरू होता. औषध बदलायची गरज नव्हती, लावण्याची पद्धत बदलायची होती. पाच दिवस सगळं बंद, फक्त साधं मॉइश्चरायझर. मग एक दिवस आड. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवायचा, टिपून कोरडा करायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर अ‍ॅडापलीन. स्क्रब कचऱ्यात. तीन आठवड्यांत चुरचुर थांबली तेव्हा रोज रात्री.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत ही जळजळ सोसून काढायची गोष्ट नाही. जिथे कातडी भाजल्यासारखी होते तिथे डाग उमटतो, आणि तो मुरुमाच्या डागाइतकाच चिवट असतो. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा यांच्या बाबतीतही हेच होतं. मुरूम दोन दिवस आधी सुकतो आणि भाजल्याचा डाग सहा महिने राहतो.

बेन्झॉइल पेरॉक्साइड तिला सकाळी अंघोळीआधी पाच मिनिटं लावून धुवायला सांगितलं. इतक्या वेळातही ते जंतूंवर काम करतं आणि कातडी कमी कोरडी पडते. एक अडचण कुणी सांगत नाही: ते कापडाचा रंग उडवतं. नीट न धुता निघालेल्या औषधाने तिच्या निळ्या ओढणीवर पांढरे चट्टे पडले आणि घरी विचारणा झाली. या औषधासाठी पांढरा टॉवेल वेगळा ठेवावा.

याच्या जोडीला रोज सकाळी ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन. मुरूम त्याने जात नाहीत, डाग गडद होणं थांबतं. चेहरा आणि गळ्याला मिळून दोन बोटांवर लांब ओढलेल्या रेघांएवढं लागतं. बहुतेकजणी त्याच्या निम्मंही लावत नाहीत.

तीन महिन्यांनंतर नोंदवही अशी बोलत होती: पाच, चार, चार. बारीक पुरळ जवळपास गेलं होतं, कपाळ स्वच्छ, पण खोल गाठी तशाच. आणि दोन जुन्या जागी बोटाला लागेल असा खळगा राहिला होता. अ‍ॅडापलीनला तीन महिने द्यावेच लागतात, त्याआधी निकाल लावता येत नाही. पण नीट लावून बारा आठवडे झाले आणि गाठींची संख्या निम्म्यावरही आली नाही, तर त्याच औषधाला आणखी सहा महिने देण्यात अर्थ नाही. आणि खळगा दिसला की बारा आठवड्यांचीही वाट पाहायची नसते. डाग वर्षभरात फिका पडतो, खळगा आपोआप भरत नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर या प्रकरणात त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला महिनाभर उशीर झाला होता.

त्वचारोगतज्ज्ञांकडे

पहिल्या भेटीत तिने ट्यूब, फोटो आणि नोंदवही सोबत नेली, त्यामुळे बोलणं दहा मिनिटांत मुद्द्यावर आलं. रक्तदाब, वजन, गर्भधारणेचा विचार, डोकेदुखी, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, हे सगळं विचारलं गेलं. एक धागा तिथे हाती लागला: तिला अधूनमधून अर्धशिशी व्हायची आणि त्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा यायच्या.

त्या रेघांमुळे एक पर्याय पूर्ण बाद झाला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या अशा मुरुमांवर चांगल्या चालतात. पण अशी पूर्वसूचना देणारी अर्धशिशी असेल तर त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्या ३५ वर्षांपुढच्या स्त्रिया, उच्च रक्तदाब, आधी झालेली गुठळी, यांनाही त्या देत नाहीत. मैत्रिणीला लागू पडल्या म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांमध्ये हा प्रश्न विचारायला कुणीच नसतं.

तोंडाने घ्यायच्या डॉक्सीसायक्लिनचा विचार झाला आणि बाजूला ठेवला गेला. तिने सूज लवकर उतरते, पण ती तीन-चार महिन्यांपुरतीच द्यायची असते आणि पाळीशी बांधलेल्या गाठी ती थांबली की परततात. आयसोट्रेटिनॉइन हा आणखी जोरदार पर्याय. त्याने गर्भात गंभीर व्यंग होऊ शकतं, म्हणून औषध चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर गर्भधारणा काटेकोरपणे टाळावी लागते. चार-पाच गाठींसाठी आधी सौम्य मार्ग घेऊ, असं ठरलं.

तो मार्ग म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन. हे मुळात रक्तदाबाचं आणि शरीरातलं पाणी कमी करायचं जुनं औषध. ते अँड्रोजेनला तेलग्रंथीशी जुळू देत नाही. मुरुमांसाठी त्याची अधिकृत नोंदणी नाही, तरी त्वचारोगतज्ज्ञ ते बरीच वर्षं स्त्रियांना देत आले आहेत. २०२३मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ४१० स्त्रिया होत्या. सहा आठवडे ५० मिलिग्रॅम आणि मग १०० मिलिग्रॅम दिल्यावर १२ आठवड्यांनी फरक किरकोळ दिसला. २४ आठवड्यांनी मात्र औषध घेणाऱ्या ८२ टक्के स्त्रियांनी आणि खोटी गोळी घेणाऱ्या ६३ टक्के स्त्रियांनी सुधारणा सांगितली. या आकड्यांचा रुग्णासाठी अर्थ एवढाच की तिसऱ्या महिन्यात 'काही होत नाही' म्हणून थांबणारी स्त्री नेमकी चुकीच्या वेळी थांबते.

तिलाही तोच क्रम दिला: रोज सकाळी जेवणासोबत ५० मिलिग्रॅम, सहा आठवड्यांनी १००. सकाळीच का, तर लघवी जास्त होते आणि रात्री घेतलं तर झोपमोड होते. अ‍ॅडापलीन चालूच. या औषधाने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, पण मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या न घेणाऱ्या तरुण स्त्रीत पोटॅशियम वारंवार तपासायची गरज पडत नाही. पंचेचाळिशीनंतर किंवा असे विकार असतील तर ते तपासावं लागतं. दोन सूचना लिहून दिल्या: घरात 'लो सोडियम' मीठ वापरायचं नाही, कारण त्यात पोटॅशियम असतं, आणि लघवीच्या संसर्गासाठी कुणी को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिलं तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं, कारण दोन्ही मिळून पोटॅशियम वाढवतात.

सगळ्यात महत्त्वाची अट गर्भधारणेची. पोटात मुलगा असेल तर हे औषध त्याच्या जननेंद्रियाच्या वाढीत अडथळा आणू शकतं. तिचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं होतं, मूल एवढ्यात नको होतं, पण नवरा-बायको दिवस मोजून काळजी घेत होते. "दिवस मोजणं पुरणार नाही. काँडम किंवा कॉपर-टी, यापैकी एक ठरवा आणि मग गोळी सुरू करू," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिने कॉपर-टी निवडली. तिच्यात संप्रेरक नसतं, त्यामुळे मुरुमांवर परिणाम नाही.

दुसऱ्या महिन्यात चक्राच्या मध्येच दोन दिवस रक्ताचे डाग दिसले आणि छाती दुखरी झाली. हे या औषधाचं नेहमीचं वागणं आहे, आणि कॉपर-टी नवी असतानाही असं होतं. तिने गर्भचाचणी केली, ती नकारार्थी आली, गोळी चालू राहिली. उठताना एक-दोनदा चक्कर आली तेव्हा पाणी वाढवलं. त्याच सुमारास भावाच्या लग्नाच्या चार दिवस आधी हनुवटीवर मोठी गाठ उठली. तिच्यात डॉक्टरांनी अगदी सौम्य केलेलं ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉइड सुईने थेंबभर सोडलं. दोन-तीन दिवसांत ती बसली. हे लग्नासारख्या प्रसंगापुरतंच. औषध जास्त किंवा तीव्र पडलं तर त्या जागी खड्डा पडतो, तो भरायला महिने जातात, म्हणून दर महिन्याचा हा रिवाज होऊ शकत नाही.

गोळी सुरू केल्यापासूनची मोजणी: चार, चार, तीन, दोन, एक, एक. सहाव्या महिन्यातली एकुलती गाठ लहान होती आणि दोन दिवसांत गेली. डागांसाठी चौथ्या महिन्यापासून सकाळी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड जोडलं, कारण ते मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं. खळग्यांसाठीचे उपचार, म्हणजे मायक्रोनीडलिंग वगैरे, नव्या गाठी बंद झाल्यावरच करायचे ठरले. चालू मुरुमांवर ते करून घेणं म्हणजे पैसे वाया आणि नवे डाग.

कधी थांबू नये

वरच्या प्रकरणात तीन महिने घरच्या डॉक्टरांकडे घालवता आले, कारण चक्र नियमित होतं आणि चेहरा हळूहळू बिघडत होता. काही वेळा तेवढा वेळ नसतो. गाठी छातीवर-पाठीवरही आहेत, एकमेकांना जोडल्या जात आहेत, खळगे किंवा उंच व्रण राहत आहेत. या सगळ्यांत थेट त्वचारोगतज्ज्ञ. मुरुमांमुळे कामावर जायचं टाळलं जातं, आरशासमोर रडू येतं, हेही तितकंच खरं कारण आहे, आणि ते डॉक्टरांना सांगायला हवं, कारण त्यावरून उपचार किती जोरदार करायचा ते ठरतं.

पाळी अनियमित असेल किंवा राठ केस वाढत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांचं काम पडतं. साधारण टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, डीएचईएएस, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या सांगितल्या जातात. रक्त सकाळी, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यावं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे आकडे फसवे येतात. त्या तीन महिने बंद असाव्यात, अर्थात डॉक्टरांशी बोलूनच. आणि केस-नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात, कारण त्यांनी हार्मोनचे आकडे वर-खाली दाखवले जातात.

आवाज घोगरा होणं, डोक्यावर पुरुषांसारखं टक्कल पडणं, काही महिन्यांत झपाट्याने दाढी-मिशी येणं, योनिलिंगाचा आकार वाढणं: यातलं काही मुरुमांसोबत दिसलं, तर आठवड्याच्या आत डॉक्टर गाठावेत. अंडाशयात किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीत अँड्रोजेन बनवणारी गाठ आहे का, हे तेव्हा बघावं लागतं.

सध्या तिचा डोस १०० मिलिग्रॅमवर आहे. तो आणखी सहा महिने चालेल, मग ५०वर आणून पाहायचं आहे. गोळी थांबवल्यावर काहींना मुरूम परततात, म्हणून अ‍ॅडापलीन तोवर सोडायचं नाही. मूल हवं असं ठरलं की कॉपर-टी काढण्याच्या किमान महिनाभर आधी स्पायरोनोलॅक्टोन बंद, आणि त्याच वेळी अ‍ॅडापलीनही. गर्भारपणात अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड चालतं. ते तिच्याकडे आधीच आहे, लावायची सवयही झाली आहे.